बाल्कनीतल्या कमळाच्या टबात पाणी हिरवं आणि अळ्या

प्रश्न: सांगलीत फ्लॅटच्या बाल्कनीत वॉटर लिलीचा टब ठेवलाय. दर चार दिवसांनी पाणी बदलते, तरी ते हिरवंगार होतं. आता अळ्याही दिसायला लागल्यात आणि आशाताई सांगून गेल्या की दर आठवड्याला टब रिकामा करा. लिली ठेवू की काढून टाकू?

उत्तर:

लिली ठेवा, पाणी बदलणं आधी थांबवा. तुमचा टब हिरवा होतोय तो पाणी बदलल्यामुळेच.

काचेच्या ग्लासात थोडं पाणी घेऊन उजेडाला धरा. सगळं एकसारखं हिरवं दिसलं तर ते पाण्यात तरंगणारं सूक्ष्म शेवाळ आहे. त्याला ऊन लागतं आणि पाण्यात विरघळलेलं खत लागतं. लिलीलाही हेच लागतं, त्यामुळे दोघांत ओढाताण चालू असते. टब तसाच राहू दिला तर दोन-तीन आठवड्यांत लिली वरचढ होते आणि पाणी आपोआप निवळतं. तुम्ही दर चार दिवसांनी पाणी बदललंत की तळाची माती ढवळली जाते, त्यातलं खत पाण्यात येतं, लिलीची मुळं दुखावतात आणि शेवाळाला नव्याने सुरुवात करायला मिळते. ते दोन दिवसांत वाढतं, लिलीला नवं पान काढायलाच त्याहून जास्त वेळ लागतो.

विश्रामबागला आमच्या पूर्वेच्या बाल्कनीत दोन फूट रुंद, फूटभर खोल टब आहे, साधारण साठ लिटरचा. त्यात लिली थेट तळाच्या मातीत लावलेली नाही. दहा इंची पसरट कुंडीत आहे आणि कुंडीवर पाच-सहा इंच पाणी असतं. कुंडीत फक्त काळी माती, शेणखत नाही, गांडूळखत नाही, कोकोपीट तर नाहीच, ते तरंगत बसतं. मातीसाठी उसाच्या सरीत हात घालू नका, तिथे खताचा मारा झालेला असतो. बांधावरची माती आणा. ती ओली करून दाबून भरायची आणि वर बोटभर जाडीचा धुतलेल्या वाळूचा थर द्यायचा. त्या वाळूमुळे खालचं खत पाण्यात सहज उतरत नाही आणि मासे माती उकरत नाहीत. फुलांसाठी महिन्यातून एकदा चमचाभर १०:२६:२६ खत वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून मुळाजवळ चार इंच खोल खुपसते. द्राक्षबागेसाठी घरात १९:१९:१९ पडलेलं असेल तर ते वापरू नका. ते लगेच विरघळतं, म्हणजे शेवाळालाच जेवण.

पाण्याचा निम्म्याहून जास्त पृष्ठभाग पानांनी झाकला गेला की शेवाळाला ऊन मिळत नाही. तोवर सोबतीला हायड्रिला या पाण्याखाली वाढणाऱ्या वनस्पतीच्या चार-पाच काड्या सोडा. ती पाण्यातलं खत भराभर ओढून घेते. नर्सरीवाले वॉटर लेट्यूस देतात, दिसतो छान, पण तो घेऊ नका. डासांची एक जात अशी आहे की तिच्या अळ्या या झाडाच्या मुळांत नळी खुपसून तिथूनच श्वास घेतात. हवेसाठी त्या वर येतच नाहीत, त्यामुळे दिसतही नाहीत. पाणी निवळल्यावर काठाला धाग्यासारखं शेवाळ येईल, ते जुन्या टूथब्रशवर गुंडाळून काढायचं. पिवळं पान कुजून पाण्यात पडण्याआधी देठाशी तोडायचं.

तासगावकडे कुणी ओळखीचं असेल तर "चिमूटभर मोरचूद टाका" असा सल्ला हमखास मिळेल. द्राक्षावर बोर्डो फवारणारे लोक, त्यांच्याकडे तो असतोच. शेवाळ मरतं हे खरं. पण एवढ्याशा टबात मासे आणि गोगलगायीही मरतात, आणि मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपवतं. रॉकेलचं तर नावच नको.

आता डास. आशाताईंनी सांगितलं ते कोरड्या दिवसाच्या नियमाप्रमाणे बरोबरच आहे. अंड्यापासून डास व्हायला उबदार हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याला भांडं कोरडं करायचं. लिलीच्या टबाला ते जमत नाही, म्हणून दुसरी दोन कामं करावी लागतात.

पहिलं म्हणजे गप्पी मासे. जिल्हा हिवताप कार्यालयात किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात चौकशी करा. साठ लिटरला सहा-आठ पुरेत. त्यांना खायला घालू नका. पोट भरलेला गप्पी अळीकडे ढुंकून बघत नाही, आणि उरलेलं खाद्य पुन्हा शेवाळाच्या पोटात जातं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, तेव्हा भर घालायची ती बादली आदल्या दिवशी भरून उघडी ठेवलेली असावी. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी पाणी गरम होतं, तेव्हा टबावर हिरवी जाळी आडवी धरा. पिल्लं फार झाली तर ओळखीच्या टबवाल्यांना द्या. कृष्णेत सोडू नका, हायड्रिलाही नाही.

दुसरं काम बहुतेक जण करत नाहीत. डेंग्यूचा डास अंडी पाण्यात घालत नाही, पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, ओलसर भिंतीला चिकटवतो. ती काळ्या तिळाहूनही बारीक दिसतात आणि कोरडी असली तरी महिनोन्महिने टिकतात. उन्हाळ्यात टबातलं पाणी दोन इंच उतरतं, मग तुम्ही एकदम बादली ओतता, अंडी बुडतात आणि दुसऱ्या दिवसापासून अळ्या. म्हणून भर घालण्याआधी, दर रविवारी, आतली भिंत पाण्याच्या रेषेपासून वरच्या कडेपर्यंत काथ्याने खसाखसा घासायची. टबाच्या कानांच्या पोकळ्यांत पाऊस साचतो, त्याही पुसा. टबाखालची ताटली, शेजारच्या कुंड्यांच्या बशा आणि एसीच्या पाइपखालचं भांडं मात्र खरंच कोरडं करा. बऱ्याचदा डास तिथले असतात आणि नाव टबाचं होतं.

तपासायला पांढऱ्या वाटीत काठाजवळचं, पानांखालचं पाणी घ्या. हलवल्यावर वळवळत खाली जाणारी ती अळी. स्वल्पविरामासारखा वाकलेला दिसला तर तो कोष, म्हणजे एक-दोन दिवसांत डास. तळच्या गाळात लाल बारीक किडे दिसले तर घाबरू नका, ते न चावणाऱ्या माशीचे आहेत आणि गप्पींना फार आवडतात.

पानं दाट झाली की मासे सगळीकडे पोचत नाहीत. अशा वेळी बीटीआय नावाची जिवाणूंची पावडर मिळते, ती पाकिटावरच्या मात्रेत टाकायची. माशांना आणि झाडाला ती चालते, कारण ती अळीने खाल्ल्यावरच काम करते. कोष काही खात नाही, म्हणून कोषांवर तिचा उपयोग नाही. ते गाळणीने काढून जमिनीवर ओता.

आशाताई परत आल्या की त्यांना वाटीत पाणी काढून दाखवा. अळी नसेल तर त्याही टब ओतायला लावणार नाहीत. आणि दिवाळीला पंधरा दिवस गावाला जाणार असाल तर जाण्याआधी भिंत घासून टब काठोकाठ भरून जा, परत आल्यावर मात्र आधी घासायचं, मग पाणी घालायचं.