फोनला बांधून दिलेला आयपी मिळत नाही आणि मॅक फिल्टर घरच्याच फोनला अडवतो, राउटर बदलावा का?

प्रश्न: घरात वाय-फायची दोन नावं आहेत, एक साधं आणि एक शेवटी 5G असलेलं. मुलीच्या नव्या अँड्रॉइड फोनचा मॅक About phone मध्ये बघून राउटरमध्ये टाकला आणि त्याला 192.168.1.50 बांधून दिला. रात्री साडेदहाला त्या आयपीचं नेट बंद होतं. घरच्यांचेच फोन चालावेत म्हणून मॅक फिल्टरही लावलाय. पण तिला भलताच आयपी मिळतो, रात्रभर नेट चालू. माझा नवा आयफोन हॉलमध्ये चालतो, बेडरूममध्ये वाय-फाय घेतच नाही. जुन्या फोनांना कधी त्रास नव्हता. राउटर बिघडलाय का? बदलावा का?

उत्तर: राउटर बदलू नका, तो ठणठणीत आहे. तुम्ही त्याला जो मॅक सांगितलात तो मॅक घेऊन कुठलाच फोन त्याच्याकडे आलेला नाही, एवढंच झालंय.

मॅक म्हणजे राउटर ज्यावरून फोन ओळखतो तो क्रमांक, आणि About phone मध्ये दिसतो तो कारखान्यात चिकटवलेला खरा मॅक. अँड्रॉइड 10 (2019) आणि आयओएस 14 (2020) पासून फोन वाय-फायला जोडताना सहसा तो वापरत नाहीत. प्रत्येक वाय-फायच्या नावासाठी फोन स्वतःच एक वेगळा मॅक बनवतो आणि तोच राउटरला दाखवतो. यामागचं कारण रास्त आहे. वाय-फाय चालू ठेवून रस्त्याने चालणाऱ्या माणसाचा फोन पूर्वी आपला खरा मॅक सगळीकडे ओरडत जायचा. 2013 मध्ये लंडनच्या सिटी भागातल्या काही कचरापेट्या येणाऱ्याजाणाऱ्यांच्या फोनचे असे मॅक टिपून ठेवत होत्या, बोंबाबोंब झाल्यावर ते बंद करावं लागलं. रस्त्यावर उपयोगी पडणारी ही सोय घरात मात्र तुमच्या नियमांच्या आड येते.

आता तुमच्या घरात नेमकं काय होतंय ते पाहू. फोन वाय-फायला जोडला की राउटरमध्ये आयपी वाटणाऱ्या डीएचसीपीकडे आयपी मागतो आणि त्या मागणीत आपला मॅक देतो. राउटर आपल्या यादीत तो मॅक शोधतो. सापडला तर ठरलेला आयपी देतो, नाही सापडला तर मोकळ्यांपैकी कुठलाही देतो. नावगाव काही विचारत नाही, त्याच्या लेखी मॅक म्हणजेच माणूस. मुलीचा फोन बनावट मॅकने आला, यादीत सापडला नाही, म्हणून त्याला समजा 192.168.1.113 मिळाला. साडेदहाला राउटरने इमानेइतबारे 192.168.1.50 चं नेट बंद केलं, आणि त्या आयपीवर कोणीच नव्हतं.

बेडरूमचं कोडंही त्यातलंच. बऱ्याच घरगुती राउटरमध्ये मॅक फिल्टर 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झसाठी, म्हणजे तुमच्या साध्या आणि 5G वाल्या नावासाठी, वेगवेगळा लावावा लागतो. तुम्ही वर्णन केलंत त्यावरून तुमचा फक्त साध्या नावावर लागलेला दिसतो. हॉलमध्ये फोन 5G वाल्या नावाला जोडतो, तिथे दारावर कोणी नाही. बेडरूमपर्यंत ते सिग्नल पोचत नाहीत, फोन साध्या नावाकडे वळतो आणि तिथे फिल्टर त्याला हाकलतो, कारण यादीत तुमचा खरा मॅक आहे. फोन अशा वेळी सरळ कारण सांगत नाही. नुसतं जोडता आलं नाही म्हणतो, आणि माणूस पासवर्ड पुन्हापुन्हा टाकत बसतो.

माझं निदान बरोबर आहे का हे दोन मिनिटांत कळेल. राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी उघडा आणि प्रत्येक मॅकचा दुसरा अंक किंवा अक्षर बघा. तो 2, 6, A किंवा E असेल तर मॅक फोनने स्वतः बनवलेला आहे. समजा यादीत `6E:4F:21:9B:C0:57` दिसतोय. पहिली जोडी 6E, बायनरीत 0110 1110. शेवटून दुसरी बिट 1 असली की तो मॅक कंपनीने दिलेला नाही, जागच्या जागी ठरवलेला आहे, अशी खूण आहे. About phone मध्ये समजा `3C` ने सुरू होणारा मॅक आहे. 3C म्हणजे 0011 1100, तीच बिट 0, म्हणजे कारखान्याचा. यादीत असे E आणि A वाले दिसले म्हणून कोणी शेजारी घुसलाय असं समजू नका. बहुतेक तुमच्याच घरातले फोन असतात.

दुरुस्ती करताना क्रम महत्त्वाचा. आधी फोनमधली सेटिंग पक्की करा, मग फोन खरोखर कुठला मॅक वापरतोय ते बघा, आणि सगळ्यात शेवटी राउटरला हात लावा.

मुलीच्या फोनमध्ये वाय-फायच्या यादीत घरच्या नावाशेजारचं गिअर दाबा. बहुतेक फोनांत Privacy खाली Use randomized MAC आणि Use device MAC असे दोन पर्याय दिसतात, सॅमसंगमध्ये MAC address type असं लिहिलेलं असतं. इथे माझं मत जरा वेगळं आहे. खरा मॅक चालू करण्याचा सल्ला सगळे देतात, पण अँड्रॉइडमध्ये त्याची फारशी गरज नाही. नेहमीच्या घरगुती वाय-फायवर अँड्रॉइडचा बनावट मॅक रोज बदलत नाही. एका नावासाठी एकदा ठरला की तोच राहतो, नेटवर्क विसरायला लावून पुन्हा जोडलं तरी. फॅक्टरी रीसेट केला किंवा तुम्ही वाय-फायचं नाव किंवा सुरक्षेचा प्रकार बदलला तरच नवा येतो. तेव्हा तोच मॅक टिपून यादीत टाकला तरी चालतं. अडचण एकच, तुमची नावं दोन आहेत, म्हणून एकाच फोनचे मॅकही दोन. आयपी बांधायला दोन नोंदी लागतील, आणि बरेच राउटर एकच आयपी दोन मॅकना द्यायला नकार देतात. ओपनडब्ल्यूआरटी किंवा डीएनएसमास्क वापरत असाल तर एका ओळीत भागतं:

```
dhcp-host=6e:4f:21:9b:c0:57,d2:18:7a:03:e5:4c,192.168.1.50
```

दोन्ही मॅक एकाच वेळी जोडलेले नसतील तरच हे नीट चालतं, आणि एकाच फोनचे असतील तर ते तसे नसतातच. साधा राउटर असेल तर दोन्ही बँडना एकच नाव द्या. नाव एक झालं की फोनचा मॅकही एक होतो आणि बेडरूम ते हॉल अशी नावांची उडीही थांबते. दोन नावं ठेवायचीच असतील तर मात्र दोन्हीकडे Use device MAC करा.

आयफोनचं प्रकरण थोडं वेगळं. घरच्या नावाशेजारच्या i वर टॅप करा. आयओएस 18 पासून Private Wi-Fi Address मध्ये Off, Fixed आणि Rotating असे तीन पर्याय आहेत. Rotating असेल तर साधारण दोन आठवड्यांनी मॅक बदलतो आणि तुमची नोंद आपोआप निकामी होते. घरासाठी Fixed ठेवा. डब्ल्यूपीए2 किंवा त्यापुढची सुरक्षा असेल तर फोन स्वतःच Fixed निवडतो, पण सुरक्षा कच्ची असेल तर Rotating कडे जातो. म्हणून वाय-फायच्या नावाखाली Weak Security असं दिसत असेल तर मूळ दुखणं राउटरमध्ये आहे. तिथे जुना डब्ल्यूपीए किंवा टीकेआयपी चालू राहिलेला असतो, तो काढून नुसतं डब्ल्यूपीए2 एईएस किंवा डब्ल्यूपीए3 करा. आणि आयफोनवर Forget This Network जपून वापरा. अँड्रॉइडसारखं इथे नाही, विसरायला लावलं की Fixed मॅकही बहुधा नवा येतो.

सेटिंग झाली की फोनचं वाय-फाय बंद-चालू करा. त्याच पानावर फोन आत्ता वापरत असलेला मॅक दिसतो, तो राउटरच्या यादीतल्या मॅकशी अक्षर-न्-अक्षर ताडून बघा. जुळला की जुनी नोंद पुसून नवी करा आणि वाय-फाय पुन्हा एकदा बंद-चालू करा. हे शेवटचं बंद-चालू लोक विसरतात. फोनकडे आधीचा आयपी मुदतीवर घेतलेला असतो आणि निम्मी मुदत संपेपर्यंत तो राउटरला पुन्हा विचारत नाही. मुदत 24 तासांची असेल तर 12 तास 113 च दिसत राहील आणि तुम्हाला वाटेल, छे, हेही चाललं नाही.

इथवर आयपीचं झालं. पण तुमचा खरा हेतू रात्रीचं नेट बंद करणं हा आहे, आणि त्यासाठी मॅकवर विसंबण्यात अर्थ नाही. कॉलेजातल्या पोरीला Use randomized MAC हे बटण सापडायला किती वेळ लागणार? एका टॅपने ती राउटरसाठी नवी पाहुणी होते आणि नव्या पाहुणीवर तुमचा नियमच नाही. ठराविक मॅकना अडवणारी यादी म्हणूनच आता कुचकामी झाली आहे. ठराविक मॅकनाच आत घेणारी यादी त्यापेक्षा बरी, पण तीही कुलूप नव्हे. पासवर्ड असलेल्या वाय-फायवर मजकूर गुप्त असला तरी मॅक उघडाच हवेत फिरतो. लॅपटॉप आणि फुकटचं सॉफ्टवेअर असलेला माणूस तो वाचून स्वतःच्या मशीनला लावू शकतो. घरच्यांना रोज ताप देणारा आणि खऱ्या चोराला न अडवणारा हा फिल्टर मी तर काढूनच टाकेन. त्याच्या बदल्यात चांगला लांब पासवर्ड ठेवा.

नियम फोनवर न लावता नेटवर्कवर लावा. राउटरमध्ये गेस्ट नेटवर्क असतं, ते चालू करा आणि वेळापत्रक असेल तर त्यालाच साडेदहाची वेळ लावा. मुलीचा फोन त्या गेस्टवर. मग ती कुठलाही मॅक घेऊन येवो, साडेदहाला ते अख्खं नेटवर्कच बंद होतं. मुख्य वाय-फायचा पासवर्ड बदलावा लागेल, कारण जुना तिला पाठ आहे. आणि घरातल्या बाकीच्यांना आधीच सांगून ठेवा. अँड्रॉइडमध्ये Share दाबलं की क्यूआर कोड समोर येतो, आयफोन तर ओळखीचा फोन जवळ आला की पासवर्ड द्यायचा का असं स्वतःहून विचारतो. आजी नातीला नाही म्हणणार नाहीत. गेस्टवरून घरचा प्रिंटर किंवा टीव्ही बहुधा दिसत नाही, तेवढी गैरसोय होईल.

काही राउटरमध्ये उलट सोय असते, अनोळखी उपकरणांसाठी वेगळा नियम ठरवता येतो. तशी असेल तर तुमचे दोघांचे फोन, टीव्ही आणि लॅपटॉप ओळखीच्या यादीत घाला आणि बाकी सगळ्यांना साडेदहाला कुलूप. मग मॅक बदलून मुलीचं नुकसानच होतं, फायदा नाही. इथे मात्र तुमच्या आयफोनचं Fixed सांभाळावं लागेल, नाहीतर साडेदहाला तुमचंच नेट जाईल.

तिच्या फोनमध्ये मोबाईल डेटा असेल तर त्याच्यापुढे राउटरचं काही चालत नाही. तिथे वेळ लावायची तर फोनमध्येच लावावी लागते, अँड्रॉइडवर Family Link, आयफोनवर Screen Time. कॉलेजच्या वयात त्यापेक्षा तिच्याशी बसून बोललेलं बरं, असं आपलं मला वाटतं.