खिशाची अक्षरं आणि हाताची अक्षरं

प्रश्न: माझे काका निवृत्त आहेत, घरी एकटेच असतात. गेल्या आठवड्यापासून दुपारच्या वेळी त्यांच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर `mkkknjm` असलं काहीतरी येतं, मागोमाग एखादा स्टिकर. विचारलं तर ओशाळतील, नाही विचारलं तर जिवाला घोर. दुर्लक्ष करू का?

उत्तर:

तुम्ही दिलेली अक्षरं तशीच आली असतील, तर ती काकांच्या बोटांनी टाईप केलेली नाहीत, त्यांच्या खिशाने केली आहेत. इंग्रजी कीबोर्ड उघडून बघा. j, k, n, m ही चारही अक्षरं उजव्या हाताला खालच्या कोपऱ्यात एकमेकांना चिकटून आहेत. माणूस चुकीचं टाईप करतो तेव्हा त्याचं बोट सगळ्या कीबोर्डभर फिरतं. खिसा फिरत नाही. अंगाला लागलेला काचेचा जो तुकडा असेल, तेवढाच परत परत दाबला जातो.

माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि "फोन आपोआप मेसेज पाठवतो" ही तक्रार पावसाळ्यात आणि मे महिन्यात जास्त येते. कारण साधं आहे. या काचेला दाब कळत नाही. अंगातून वीज वाहू शकते, त्यामुळे अंग जवळ आलं की काचेखालच्या विजेच्या जाळीत जो फरक पडतो, तो तिला कळतो. जाड कोरड्या जीन्समधून असं सहसा होत नाही. पण पातळ सुती सदरा, वर घाम, आणि काच छातीकडे तोंड करून ठेवलेली असली की ओलं कापड बोटासारखंच काम करतं.

आता एवढ्यावर मेसेज जात नाही, त्यासाठी स्क्रीन चालूही असावी लागते. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांच्या फोनमध्ये ती चालूच असते, कारण "सारखी बंद पडते" म्हणून घरातल्याच कोणीतरी ती विझायची वेळ १० मिनिटांवर नेऊन ठेवलेली असते. काका तुमचा मेसेज वाचतात, बाजूचं बटण न दाबता फोन खिशात सरकवतात, आणि तुमचं चॅट कीबोर्डसकट आत जिवंत राहतं. त्यात व्हॉट्सअ‍ॅपच्या चॅट सेटिंगमधलं `Enter is send` चालू असेल तर मग झालंच. एंटरचं बटण त्याच उजव्या खालच्या कोपऱ्यात, m च्या खालच्या ओळीत. चार अक्षरं पडली की पाचवा स्पर्श मेसेज पाठवून मोकळा. हे सेटिंग बंद असेल तर मेसेजमध्ये खाली खाली रिकाम्या ओळी दिसतात. अक्षरं दोन आणि ओळी अकरा असला मेसेज कुणी हाताने लिहीत नाही.

तर अशा मेसेजकडे खुशाल दुर्लक्ष करा. फक्त उलट "??" किंवा "काय काका?" असं चार वेळा पाठवू नका. पुष्कळ फोनमध्ये प्रत्येक मेसेजला स्क्रीन पुन्हा उजळते, आणि झोपी जायला आलेल्या खिशाला तुम्ही परत खेळणं देता.

एक फसवा प्रकार सांगून ठेवतो. कधीकधी खिशातून धड शब्दही येतात. कीबोर्डच्या वर जी सुचवलेल्या शब्दांची पट्टी असते, तिच्यावर अंग घासलं की "मी आहे आणि मी येतो आणि मी आहे आणि" अशी माळ तयार होते. हे शब्द त्या माणसाच्या रोजच्या वापरातले असतात, म्हणून वाचणारा दचकतो. पण त्यात घाण्याच्या बैलासारखं तेच तेच फिरत राहतं आणि आधीच्या बोलण्याशी त्याचा काडीचा संबंध नसतो. माझ्या दृष्टीने खरी मेख या संबंधातच आहे. कचरा आपण होऊन आला, की कशाचं तरी उत्तर म्हणून आला, हे बघायचं.

उत्तर म्हणून आला असेल तर थांबा. २०१२ च्या अखेरीस बॉस्टनच्या डॉक्टरांनी एक प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात छापलं होतं. पंचवीस वर्षांची गरोदर बाई. बाळाच्या तारखेविषयी नवऱ्याशी मेसेजवर बोलणं चाललेलं. तिच्याकडून उत्तरं येत होती, त्यात इंग्रजी शब्दही होते, पण अर्थ लागत नव्हता. तिच्या फोनमधली आपोआप शब्द दुरुस्त करण्याची सोय बंद होती, म्हणजे दोष फोनवर ढकलायची सोय नव्हती. तो तिला इस्पितळात घेऊन गेला. तपासणीत मेंदूचा पक्षाघात निघाला. वेळेत कळलं, बाई बरी झाली. मेंदूतला भाषेचा भाग दुखावला की जसं बोलणं अडखळतं तसं लिहिणंही बिघडतं, आणि हल्ली लोक बोलण्याआधी टाईप करतात, म्हणून कधीकधी ते मेसेजमध्येच आधी दिसतं.

आमच्याकडे पक्षाघात नव्हता, साखर होती. सासरे इन्सुलिन घेतात. एका एकादशीला सकाळी इन्सुलिन घेतलं आणि वर उपासही धरला. दुपारी ते कामासाठी तालुक्याला जाणार होते, म्हणून मी विचारलं, "बस मिळाली का?" उत्तर आलं, "हो बस्स बसल मी बस नको घरी घरीी". बायको म्हणाली, चष्मा नसेल. मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं. पण रोज गुंतागुंतीचे हिशेब टाईप करणारा माणूस, आणि विचारलं त्याच्या आसपासचेच शब्द, फक्त मोडलेले. खिशाला "बस" कुठून सुचणार? फोन लावला तर उचलला, पण जीभ जड, माझं नावही एकदम आठवेना. शेजारच्या काकूंना पळवलं. त्यांच्याकडे साखर मोजायचं यंत्र होतं, आकडा आला ४८. ७० च्या खाली गेली की कमी समजतात. ते शुद्धीवर होते आणि गिळता येत होतं, म्हणून तीन चमचे साखर पाण्यात घालून दिली, पंधरा मिनिटांनी परत मोजली, मग खायला दिलं. गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ १०८ ला फोन.

आता तुमच्या काकांना विचारायचं कसं. "तुमच्याकडून काहीतरी चुकीचं आलंय" असं म्हटलं की मोठी माणसं खरंच ओशाळतात, आणि पुढच्या वेळी गरज असूनही मेसेज करत नाहीत. आणि घरच्या ग्रुपवर तर त्याची चर्चा नकोच. तासाभराने, त्यांना सोडून दुसऱ्या कुणाला नाही, असा प्रश्न पाठवा ज्याचं उत्तर स्वतःचे शब्द वापरूनच द्यावं लागेल: "काका, आज भाजी कोणती केलीत?" हो-नाहीचा प्रश्न नको, कारण अंगठ्याचं चित्र खिसाही पाठवू शकतो. "दोडका केला, जरा खारट झाला" असं आलं की विषय संपला.

घाई वाटली तर सरळ फोन लावा. खिशातला फोन असेल तर बहुतेक वेळा तो नुसता वाजत राहतो. कधी खिशातच उचलला जातो, मग नुसती खसखस आणि लांबून भाजीवाल्याचा आवाज येतो. तेवढं ऐकून फोन ठेवून द्या, त्यांचं बोलणं ऐकत बसू नका. काका स्वतः बोलले तर दोन वाक्यांत कळतं. शब्द सापडत नसतील, बोलणं लडबडत असेल, तर व्हिडिओ कॉलवर हसायला आणि दोन्ही हात वर धरायला सांगा. तोंड एका बाजूला ओढलं गेलं किंवा एक हात खाली येऊ लागला तर १०८, आणि शेजाऱ्यांना दार ठोठवायला सांगा. अशा वेळी चॅटमध्ये वर जाऊन त्यांचा शेवटचा धड मेसेज किती वाजताचा आहे ते बघून ठेवा. पक्षाघातात रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं, आणि माणूस एकटा असेल तर "शेवटचा ठीक कधी होता" हे डॉक्टरांना सांगणारं दुसरं कुणी नसतं.

यात एक तिसरा प्रकारही आहे, जो माझ्या धंद्यात जास्त दिसतो. मेसेज रात्री येत असतील, फोन चार्जिंगला लावून टेबलावर असताना येत असतील, तर खिसा निर्दोष. गिऱ्हाईक म्हणतं "फोनला भूत लागलंय". बहुतेकदा हलक्या चार्जरमुळे काचेच्या विजेत गोंधळ होतो आणि चार्जर काढला की भूत पळतं. पण चार्जर काढूनही चालूच राहिलं, तर फोन पालथा घालून सपाट फरशीवर ठेवा आणि कडेने बघा. मागचं झाकण फुगलंय, किंवा डिस्प्ले एका बाजूने उचललाय, तर आतली बॅटरी सुजून डिस्प्लेला रेटते आहे. तो फोन चार्ज करू नका, दाबून झाकण बसवायला जाऊ नका, उशीखाली तर नकोच. बंद करून दुकानात न्या.

तुमच्या काकांचं दुपारचंच आहे, तेव्हा जेवून फोन वरच्या खिशात टाकून ते आडवे होत असावेत असा माझा अंदाज. भेटायला गेलात की त्यांच्या देखत नाही, पण त्यांना सांगून तीन गोष्टी करा. स्क्रीन विझायची वेळ ३० सेकंद. `Enter is send` बंद. आणि दोनदा टिचकी मारून स्क्रीन उघडायची सोय चालू असेल तर तीही बंद, कारण छातीवर फोन हलला तरी कधीकधी टिचकी लागते. सॅमसंगमध्ये `Accidental touch protection` आणि रेडमीत `Pocket mode` नावाची सोय मिळते, ती चालू करा. अंधारात, म्हणजे खिशात, काही उघडू देत नाही. ती चालत नसेल तर वर ऐकायच्या जाळीजवळ बघा. ती सोय तिथल्या जवळ-दूर ओळखणाऱ्या सेन्सरवर चालते, आणि स्वस्तातल्या टेम्पर्ड काचेखाली तिथे हमखास धूळ साचलेली असते. काच बदलायला शंभर-दीडशे रुपये लागतात. मी तर काकांना फोन खिशात टाकताना काच बाहेरच्या बाजूला ठेवायला सांगेन. पण सवय आहे, लगेच जाणार नाही.