पेंटोज फॉस्फेट मार्ग: सुरुवात लाल पेशीपासून करा

हा मार्ग म्हणजे पेशीत ग्लुकोज वापरणाऱ्या रासायनिक पायऱ्यांची साखळी; ती सगळी पाठ करत बसू नका. पहिली पायरी पक्की करा: ग्लुकोज-६-फॉस्फेटवर जी६पीडी हे एन्झाइम काम करतं आणि एनएडीपीएच या इलेक्ट्रॉन पुरवणाऱ्या रेणूचा एक रेणू मिळतो. दुसरा तिसऱ्या पायरीला. एटीपी इथे तयार होत नाही, नवशिके हमखास इथेच चुकतात.

लाल पेशीत मायटोकॉन्ड्रिया नसतात, त्यामुळे एनएडीपीएचसाठी तिची सारी भिस्त याच मार्गावर. एनएडीपीएचच्याच जोरावर ग्लुटाथायोन हे पेशीचं संरक्षक द्रव्य पुन्हा ताजं होऊन पेरॉक्साइड निकामी करतं. जी६पीडी कमी असलेल्या माणसाला प्रिमाक्विन हे मलेरियाचं औषध दिलं, की हिमोग्लोबिनच्या गुठळ्या म्हणजे हाइन्झ बॉडी बनतात, पेशी फुटतात, लघवी गडद होते. पण लगेच केलेली जी६पीडीची चाचणी नॉर्मल येऊ शकते, कारण जुन्या पेशी फुटून गेलेल्या असतात आणि उरलेल्या तरुण पेशींत एन्झाइम जास्त असतं. म्हणून साधारण तीन महिन्यांनी ती पुन्हा करतात.