जर्मनीतल्या नोकरीला होकार कळवताना: पगार, तारीख आणि आधीची कागदपत्रं

«ताई, श्टुटगार्टच्या एका कंपनीची ऑफर आली आहे. ईमेलमध्ये ‘वर्षाला ५२,००० युरो, १० टक्के बोनस धरून, १ ऑक्टोबरपासून रुजू’ एवढंच आहे. माझा होकार गेला की करार पाठवणार म्हणतात. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, नोटीस पिरियड ९० दिवसांचा, एकटाच जाणार आहे, व्हिसाचं अजून काहीच केलेलं नाही. होकाराच्या मेलमध्ये काय लिहू? पगार आणि तारीख कशी पक्की करून घेऊ? आणि रुजू होण्याआधीची कोणती कागदपत्रं त्यांच्याकडे मागू?»

सगळ्यात आधी तारखेचं बोलू, कारण तिथेच मी स्वतः पोळले आहे. १ ऑक्टोबर ही तारीख नुसती ‘मान्य’ म्हणून कळवू नकोस. आत्ता जून संपत आलाय. आज राजीनामा दिलास तरच ९० दिवस भरून १ ऑक्टोबर गाठता येईल, आणि आज तुझ्या हातात व्हिसा नाही.

२०२२ मध्ये मी अगदी हेच केलं. ‘१ एप्रिलला नक्की येते’ असं लिहून टाकलं आणि त्याच आठवड्यात इथला राजीनामा दिला. पुढे व्हिसाची फाइल अडली. कारण किती क्षुल्लक असावं? करारात आठवड्याचे ४० तास होते आणि कंपनीने भरून दिलेल्या फॉर्मवर ३५. दुरुस्त फॉर्म यायला तीन आठवडे गेले, तोवर एप्रिल उलटला होता, मग करारातली तारीख जुनी झाली म्हणून कंपनीकडून नव्या तारखेचं पत्र मागावं लागलं. जुनी नोकरी सुटलेली, नवी सुरू नाही, घराचा हप्ता चालू. असे अडीच महिने काढले. म्हणून सांगते, राजीनामा व्हिसा पासपोर्टवर चिकटल्यावरच.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे कुणी सांगत नाही. आपल्याकडे ऑफर स्वीकारून ऐनवेळी न जाणारे पुष्कळ असतात. जर्मन करारांत मात्र बऱ्याचदा अशी कलमं असतात की रुजू होण्याआधी करार मोडता येणार नाही, आणि ठरल्या दिवशी हजर झाला नाहीत तर ठरावीक रक्कम दंड. त्याला ‘फर्ट्राग्सश्ट्राफं’ म्हणतात. व्हिसाला उशीर होणं ही तुझी चूक नाही, पण तसं कुठे तरी लिहिलेलं असलं म्हणजे वादच उरत नाही. ते लिहून ठेवायची पहिली जागा म्हणजे हा होकाराचा मेल.

आता पगार. तुझ्या ऑफरमधला ‘धरून’ हा शब्द महागाचा आहे. ब्लू कार्डासाठी, म्हणजे पदवीधरांना मिळणाऱ्या तिकडच्या कामाच्या परवान्यासाठी, जी किमान पगाराची अट असते, तिच्यात फक्त हमखास मिळणारा पगार धरतात. कामगिरीवर अवलंबून असलेला बोनस धरत नाहीत. तुझ्या ५२,००० मधले १० टक्के म्हणजे ५,२०० काढले की ४६,८०० उरतात. २०२५ साठीची सर्वसाधारण मर्यादाच ४८,३०० युरो होती. म्हणजे तू ५२ हजारांच्या आनंदात आणि कागदावर मर्यादेच्या खाली! मनुष्यबळाची टंचाई असलेल्या व्यवसायांसाठी मर्यादा कमी असते, २०२५ मध्ये ती ४३,७५९.८० युरो होती, आणि सॉफ्टवेअरची कामं त्यात बसतात. पण त्या वाटेने गेलास तर तिथल्या रोजगार खात्याची संमती लागते, म्हणजे एक टेबल वाढलं. हे आकडे दर जानेवारीला बदलतात, तेव्हा अर्ज ज्या वर्षी करशील त्या वर्षाचा आकडा पाहा.

त्यामुळे कंपनीला सरळ विचार: यातला पक्का भाग किती? जमलं तर पक्का पगार यंदाच्या सर्वसाधारण मर्यादेच्या वर नेऊन बोनस तेवढा कमी करता येईल का, हेही विचार. एकूण खर्च त्यांचा तेवढाच राहतो, म्हणून हे मागायला संकोच नको. दुसरा प्रश्न, पगार वर्षाला बारा हप्त्यांत की तेरा? तिकडे नोव्हेंबर-डिसेंबरात तेरावा पगार देणाऱ्या कंपन्या आहेत, आणि मग दरमहा हातात कमी पडतं.

हातात किती, तेही बघून घे. ४६,८०० भागिले १२ म्हणजे महिना ३,९००. पेन्शन, बेकारी विमा, आरोग्य विमा आणि शुश्रूषा विमा यांचा तुझ्या वाट्याचा हिस्सा मूल नसलेल्या माणसाला साधारण साडेएकवीस टक्के पडतो, म्हणजे ८४० च्या आसपास. वर एकट्या माणसाचा, म्हणजे करवर्ग एकचा, आयकर. अडीच हजारांच्या आसपास खात्यात येतील. श्टुटगार्टातलं भाडं त्यातूनच जायचं आहे, म्हणून होकार देण्याआधी हे गणित मांडून घे.

मेलचा मजकूर मी मराठीत देते, तू इंग्रजीत कर. त्यांच्याच ऑफरच्या मेलला उत्तर म्हणून पाठव, नवा मेल सुरू करू नकोस. पुढे कधी पाहायची वेळ आली तर ऑफर आणि होकार एकाखाली एक दिसायला हवेत.

> आदरणीय महोदया,
>
> आपल्या दिनांक … च्या ऑफरबद्दल आभार. सॉफ्टवेअर डेव्हलपर या पदाची ऑफर मी पुढील तपशिलांसह आनंदाने स्वीकारत आहे.
>
> पगार: वर्षाला एकूण ५२,००० युरो, कर व कपातींपूर्वी. यापैकी हमखास मिळणारा पगार ४६,८०० युरो आणि बोनस जास्तीत जास्त ५,२०० युरो, असं मी समजतो. हे बरोबर आहे का, आणि पगार १२ हप्त्यांत मिळेल की १३, हे कृपया कळवावं. ब्लू कार्डासाठी फक्त हमखास पगार धरला जातो. त्यामुळे एकूण रक्कम तीच ठेवून पक्का भाग यंदाच्या सर्वसाधारण मर्यादेच्या वर नेता येईल का, याचा विचार व्हावा ही विनंती.
>
> रुजू होण्याची तारीख: माझा नोटीस कालावधी ९० दिवसांचा आहे आणि व्हिसा मिळाल्यावरच मी राजीनामा देऊ शकेन. म्हणून १ ऑक्टोबरऐवजी १ डिसेंबर ही तारीख सुचवतो. व्हिसाला उशीर झाल्यास त्यानंतरच्या महिन्याच्या १ तारखेपासून रुजू होता येईल, असा उल्लेख करारात व्हावा ही विनंती.
>
> कागदपत्रं: दोन्ही बाजूंच्या सह्यांचा करार आणि आपण भरलेला Erklärung zum Beschäftigungsverhältnis हा फॉर्म मला कधीपर्यंत मिळेल? जलद प्रक्रियेचा अर्ज कंपनी करणार असल्यास त्यासाठी माझ्याकडून काय लागेल? रुजू होण्याआधी भरायचे फॉर्मही आत्ताच पाठवल्यास मी तयारीला लागेन.
>
> आपला नम्र,

एवढंच. यात स्वतःची स्तुती, कंपनीची स्तुती, ‘स्वप्न साकार झालं’ वगैरे नको. तिकडच्या एचआरला आकडे आणि तारखा दिसल्या की ते लगेच उत्तर देतात.

१ डिसेंबर कुठून आला? ऑगस्टअखेर व्हिसा आला असं धरलं तर नोटीस नोव्हेंबरअखेर संपते. तुझ्या कंपनीत बायआउट चालत असेल तर आधीही निघता येईल, पण ते बोलणं मागाहून कर. लवकर येतो म्हटलं तर कुणी हरकत घेत नाही, उशीर होतो म्हटलं तर नवं पत्र लागतं.

मेलमधला तो जर्मन नावाचा फॉर्म सगळ्या प्रकरणाचा कणा आहे. तो कंपनीनेच भरायचा असतो. तो आला की करार शेजारी ठेवून ओळ न ओळ ताडून बघ: पदाचं नाव, आठवड्याचे तास, पगार, सुरुवातीची तारीख, कामाचं ठिकाण. माझे ते ३५ आणि ४० तास मी पाच मिनिटं दिली असती तर मलाच दिसले असते.

जलद प्रक्रिया म्हणजे कंपनी तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात तुझ्या वतीने अर्ज करते. फी ४११ युरो, आणि त्यासाठी तू कंपनीला मुखत्यारपत्र द्यायचं. त्या कार्यालयाची पूर्वसंमती आली की आपल्या मुंबईच्या जर्मन वकिलातीत तीन आठवड्यांच्या आत अपॉइंटमेंट मिळते. कंपनी तयार असेल तर हे जरूर करून घे.

तुझ्याकडून लागणारी गोष्ट म्हणजे पदवी. परदेशी पदव्यांची नोंद ठेवणाऱ्या anabin या जर्मन संकेतस्थळावर तुझ्या विद्यापीठाचा आणि पदवीचा दर्जा पाहून ती पानं छापून ठेव. माझ्या पदवीवर ‘पुणे विद्यापीठ’ आहे, २०१४ नंतरच्यांवर ‘सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ’. पदवीवर जे नाव आहे तेच शोध. पदवी तिथे सापडली नाही तर मूल्यांकनाचा दाखला मागवावा लागतो, त्याला वेळ लागतो, म्हणून हे आजच बघ.

शेवटी कंपनी एक ‘पेर्सोनालफ्रागेबोगन’ पाठवेल, म्हणजे कर्मचाऱ्याच्या माहितीचा फॉर्म. त्यात कर क्रमांक, सामाजिक विमा क्रमांक, आरोग्य विमा कंपनी, बँक खातं विचारतात. यातलं बहुतेक तुझ्याकडे नसणार आणि नसलं तरी चालतं, रिकामं सोडून ‘आल्यावर देईन’ असं लिही. फक्त आरोग्य विमा कंपनी निवडून ठेव, करार दाखवून ते काम भारतातूनच होतं. कर क्रमांक मात्र तिथे पत्त्याची नोंदणी केल्यावर पोस्टाने घरी येतो. खोली कुणाच्या घरात घेतली असशील तर पत्रपेटीवर आपल्या नावाची चिठ्ठी पहिल्याच दिवशी चिकटव. नाव दिसलं नाही की पोस्टमन पत्र परत नेतो, आणि क्रमांक नसला तर कंपनी सहाव्या करवर्गाचा जबर कर कापू शकते. माझ्या शेजारच्या खोलीतल्या मुलाचं पहिल्या पगारातलं हेच झालं होतं. नंतर पैसे परत मिळाले, पण तो महिना त्याने उधारीवर काढला.

करार हातात आला की तुझा मेल समोर ठेव. पगाराचा पक्का भाग, तारखेला जोडलेली व्हिसाची अट आणि न आल्यास दंडाचं कलम, या तीन जागा बघ. एकही वेगळी निघाली तर सही न करता त्याच मेलवर विचार. ऑनलाइन भाषांतरावर विसंबू नको, जर्मन जाणणाऱ्या कुणाकडून ती तीन कलमं वाचून घे. कुणी नाही मिळालं तर मला पाठव, रविवारी सकाळी मी मोकळी असते.