खोल टिनमधला बनाना ब्रेड आतपर्यंत भाजण्यासाठी

प्रश्न: खोल टिनमध्ये केलेला बनाना ब्रेड वरून काळा होतो आणि आत गिच्च राहतो. ओटीजी १८०वर ४५ मिनिटे लावते. कुठे चुकते आहे?

उत्तर: तुमच्या मिश्रणात बहुधा दोष नाही, टिनच्या खोलीच्या मानाने आच जास्त आणि वेळ कमी पडतो आहे. उष्णता कडांकडून आत सरकते, त्यामुळे खोल टिनमध्ये मधला भाग सर्वांत शेवटी शिजतो, आणि तोवर केळ्यातल्या व वरून घातलेल्या साखरेमुळे पृष्ठभाग करपू लागतो. लहान ओटीजीत तर फुगलेला ब्रेड वरच्या रॉडच्या अगदी जवळ जातो.

मी ठाण्यात जांभळी नाक्यावरून आणलेली, साल काळवंडलेली वेलची केळी वापरते. सोललेली ३०० ग्रॅम केळी, २०० ग्रॅम मैदा, ११० ग्रॅम साखर, ८० ग्रॅम तेल, दोन अंडी आणि एक छोटा चमचा सोडा एवढे मिश्रण माझ्या नऊ इंच लांब, चार इंच रुंद आणि तीन इंच खोल टिनमध्ये साधारण निम्म्यापर्यंत येते. ओटीजी आधी तापवून मी हा टिन खालच्या जाळीवर १६० अंशांवर ठेवते, आणि त्याला साधारण ७० मिनिटे लागतात.

पहिली ३० मिनिटे दार उघडू नये, कारण तोवर आतला भाग धरलेला नसतो आणि ब्रेड मधोमध खचतो. ४० मिनिटांच्या सुमारास वरचा भाग कोरडा व बदामी दिसला, की फॉइल मधे दुमडून छपरासारखी सैल ठेवावी. त्याआधी ठेवल्यास ती ओल्या मिश्रणाला चिकटते. घट्ट गुंडाळल्यास वाफ कोंडून वरचा भाग चिकट होतो. फॉइलची चकचकीत बाजू आत की बाहेर, याने काही फरक पडत नाही. तिची टोके मात्र रॉडला लागू देऊ नयेत.

पहिल्यांदा मी ५५ मिनिटांनी, रंगावर भुलून ब्रेड बाहेर काढला होता. निवताना तो मधे बसला आणि कापल्यावर तळाशी बोटभर जाडीचा, खरवसासारखा दाट पट्टा निघाला. तेव्हापासून मी सळई मधल्या भेगेतून तळापर्यंत खुपसते. तिच्यावर चकाकणारे ओले मिश्रण आले, तर फॉइल तशीच ठेवून आणखी दहा मिनिटे द्यावीत. ओलसर चुरा चिकटला तर चालतो. सळई नेमकी केळ्याच्या तुकड्यात शिरली तरीही ओली निघते, म्हणून दोन ठिकाणी तपासावे. प्रोब थर्मामीटर असल्यास मध्यभागी ९५ अंश पुरेसे आहेत.

ओटीजीचा नॉब नेहमी खरे तापमान सांगतो असे नाही. १६०वरही अर्ध्या तासात वरचा भाग गडद होत असेल, तर पुढच्या वेळी १५० करून पाहा. भाजून झाल्यावर १५ मिनिटांनी ब्रेड टिनबाहेर जाळीवर काढावा, नाहीतर तळाशी वाफेचे पाणी धरते आणि नीट भाजलेला ब्रेडही कच्चा वाटतो.