हीटर बदलण्याआधी धार मोजा

प्रश्न: घरातला ३ किलोवॉटचा इन्स्टंट हीटर जेमतेम कोमट पाणी देतो. १० लिटरची बादली अडीच मिनिटांत भरते. नळाचं पाणी १८ अंश असतं, बादलीतलं २९. मेकॅनिक म्हणतो, एलिमेंटवर क्षार चढलाय, बदला. त्याचा खर्च नव्या हीटरच्या निम्मा. त्यापेक्षा ६ किलोवॉटचा नवा हप्त्यावर घेऊ का?

उत्तर: तूर्त दोन्ही नको. तुम्ही तापमान मोजून पाठवलंत, त्यामुळे माझं काम सोपं झालं.

३ किलोवॉटचा हीटर मिनिटाला १ लिटर पाणी साधारण ४३ अंशांनी तापवू शकतो. धार दुप्पट केली की वाढ निम्मी. तुमची धार मिनिटाला ४ लिटर आणि वाढ ११ अंश, म्हणजे गुणाकार ४४. हीटर पूर्ण ताकदीने चालतोय! नवं एलिमेंट बसवलंत तरी पाणी २९ अंशांचंच येणार.

क्षाराचा थर असेलही. पण थरामुळे उष्णता नाहीशी होत नाही. एलिमेंट जास्त तापतं आणि ती उष्णता पाण्यातच उतरते. थर जाड झाला की थर्मल कटआउट वारंवार पडतो, पाणी मध्येच गार येतं, पुन्हा गरम होतं, आतून सूं-सूं आवाज येतो. असं होत असेल तर आधी क्षार काढून घ्या, एलिमेंट बदलणं त्यानंतरचं. गुणाकार ४३ च्या बराच खाली आला, तर मात्र व्होल्टेज तपासा. २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाले तर ताकद जवळपास पाऊण उरते.

आता हीटरच्या आत येणाऱ्या पाण्याचा कॉक थोडा बंद करा. बाहेरच्या बाजूचा नको. उघड्या तोंडाच्या हीटरमध्ये ते धोक्याचं असतं. बादली ५ मिनिटांत भरेल इतकी धार ठेवा, पाणी ३९-४० अंशांवर येईल. धार फार बारीक केली तर काही हीटर चालूच होत नाहीत, तेवढं बघा. अशा बादलीला पाव युनिट वीज लागते. ६ किलोवॉटचा हीटरही तेवढीच खाईल, फक्त निम्म्या वेळात.

त्या वाचलेल्या अडीच मिनिटांसाठी हप्ता भरायचा का, हा खरा सवाल. शिवाय ६ किलोवॉटला २६ अँपिअर लागतात, आताच्या दुप्पट. जाड वायर, वेगळा एमसीबी, कदाचित वीजजोडणीचा मंजूर भारही वाढवावा लागेल. हा खर्च दुकानदार किमतीत धरत नाही.

शॉवरची मोठी धार हवीच असेल, तर १५ लिटरचा, २ किलोवॉटचा साठवणीचा गीझर बघा. ६० अंशांपर्यंत तापवलेलं त्यातलं पाणी गार पाण्यात मिसळून ४० अंशांचं सुमारे २८ लिटर होतं, तेही आहे त्याच वायरिंगवर. मात्र तो दिवसभर चालू ठेवायचा नाही.