कामगारांच्या बसचा हिशेब: मनोबलाची किंमत किती धरायची?

प्रश्न: वाळूज एमआयडीसीत आमचा कारखाना आहे. गंगापूर-लासूरकडून येणाऱ्या ९० कामगारांसाठी दोन पाळ्यांना एक बस लावायचा प्रस्ताव मी करतोय. मनोबल, सुरक्षितता, थकवा कमी होणं यांची रुपयांत किंमत कशी धरू? मालक म्हणतात, आकडे फुगवलेले दिसतात.

उत्तर: मी कॉस्टिंगमध्ये काम करतो, असे प्रस्ताव बरेच पाहिलेत. मालकांचा संशय बहुतेक वेळा रास्त असतो. ‘मनोबल वाढल्याने उत्पादकता ५ टक्के’ अशी ओळ दिसली, की बाकीचे खरे आकडेही संशयात येतात. म्हणून मनोबलाला आधी हातच लावू नका. मोजता येतं ते मोजा आणि किती कमी पडतंय ते बघा.

खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे घाला. बसचं भाडं महिन्याला ९० हजार आणि देखरेखीचे वर्षाला ६० हजार, म्हणजे वर्षाचा खर्च ११ लाख ४० हजार.

आता गैरहजेरी. हजेरीपटातून गंगापूर-लासूरकडच्यांची टक्केवारी काढा आणि बजाजनगर, रांजणगावात राहणाऱ्यांची वेगळी काढा. समजा ८ आणि ५ निघाली. हा ३ टक्क्यांचा फरक सगळा रस्त्यामुळे नाही. गावाकडच्यांना शेती असते. सोयाबीन काढणीला आलं की दारात बस उभी केली तरी माणूस येणार नाही. काढणीचे आठवडे वगळून फरक पुन्हा काढा, तो २ वर आला तर २ च धरा. तीही कमाल मर्यादा समजा.

९० माणसं, २६ दिवस, २ टक्के, म्हणजे महिन्याला साधारण ४७ हजेऱ्या वाचल्या. एका हजेरीचे किती? इथं लोक ओव्हरटाइमचे पूर्ण १,२०० लावतात. पण न आलेल्याचा ६०० रुपये रोज कापला जातोच, तेव्हा वाचले ६००. वर्षाचे झाले ३ लाख ४० हजार.

दुसरी बाब काम सोडून जाणाऱ्यांची. वर्षाला ३६ जात असतील आणि बसमुळे १० थांबतील असं धरलं, नव्या माणसाला शिकवण्यात नि रिजेक्शनमध्ये माणशी १८ हजार जातात असं धरलं, तर १ लाख ८० हजार. मिळून ५ लाख २० हजार. उरली तूट ६ लाख २० हजार.

ही तूट ‘मनोबला’ने बुजवायचा मोह होतो, पण मनोबल सुधारलं म्हणूनच माणूस रोज येतो आणि टिकतो. ते वरच्या दोन आकड्यांत आलेलंच आहे, वेगळं लिहिलं की एकच फायदा दोनदा मोजला. ‘आणखी माणसं टिकतील’ हेही चालत नाही. १८ हजारांनी भागून बघा, आणखी ३५ टिकायला हवीत. आधीचे १० धरून झाले ४५, आणि जातात तर ३६च.

सुरक्षिततेचंही तेच. ईएसआय लागू असलेल्या कामगाराला येता-जाता अपघात झाला, तर पात्र दाव्याचा लाभ ईएसआय देतं; तो कंपनीचा वाचलेला पैसा नव्हे. बुडालेल्या हजेऱ्या गैरहजेरीत आल्याच. रात्री महिलांना कामावर ठेवायचं तर ने-आणीची सोय परवानगीच्या अटीतच येते, म्हणून तो त्या पाळीचा खर्च आहे, बसचा फायदा नाही. रात्री अकराला हायवेवरच्या अंधारात मोटारसायकलवर निघालेला माणूस ही खरी काळजी आहे. ती प्रस्तावात दोन ओळींत शब्दांतच लिहा.

कामगाराचे काळी-पिवळीचे रोजचे ६०-७० रुपये वाचतात, तेही कंपनीच्या रकान्यात टाकू नका. त्याचा खिसा वेगळा. पण त्याच्या लेखी बसची किंमत किती, हे मात्र त्याच खिशातून कळतं. नुसतं ‘बस हवी का’ विचारलं तर सगळे हो म्हणतील. ‘रोज १५ रुपये कापले तर येशील का’ असं चिठ्ठीवर, नाव न लिहिता विचारा. सगळे तयार झाले तर वर्षाला ४ लाख २० हजार जमतात आणि तूट २ लाखांवर येते. साठच तयार झाले तर तेवढेच धरा, आणि रिकाम्या जागांचंही भाडं पडतं हे विसरू नका. कपात लेखी संमतीनेच करा, युनियन असेल तर तिच्याशी आधी बोला.

मग मालकांना विचारायचा प्रश्न छोटा होतो: रुपयांत न बसलेल्या गोष्टींसाठी माणशी महिना १८५ रुपये द्यायचे का? ते हो म्हणतील किंवा नाही, पण आकडा फुगवला असं म्हणता येणार नाही.

मंजूर झालंच तर भाड्याचा करार आधी तीन महिन्यांचा करा, जून ते ऑगस्ट. पावसात मोटारसायकलवाल्यांची दांडी सर्वात जास्त असते, म्हणून फायदा त्या तिमाहीत चढाच दिसेल. तुलना मागच्या वर्षीच्या जून-ऑगस्टशीच करा आणि तो आकडा चारने गुणून वर्षाचा म्हणून दाखवू नका.